जिथे क्रियापद, तिथे पूर्णविराम

कार्यालयात रोज लिहिल्या जाणाऱ्या मेलमध्ये एक वाक्य हमखास सापडते. ते सुरू होते, मध्ये एका रेघेवर थांबते, दुसरीच माहिती देते, अर्धविरामावरून पुढे सरकते आणि पाचव्या ओळीत कुठेतरी संपते. वाचणारा ते दोनदा वाचतो आणि मग फोन करून विचारतो, ‘नक्की काय करायचे आहे?’ लिहिणाऱ्याची भाषा कच्ची असते असे नाही. बहुतेक वेळा त्याने पूर्णविरामाच्या जागी दुसरेच चिन्ह दिलेले असते.

पुढचा नमुना याच लेखासाठी तयार केला आहे, पण अशी मेल कोणत्याही खरेदी विभागात रोज येते.

> आदरणीय सर;
> कालच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे नाशिकच्या गोदामातला माल - म्हणजे पहिल्या खेपेतला - तपासून झाला आहे; पण दुसऱ्या खेपेची बिले - जी पुरवठादाराने अजून दिलेली नाहीत; त्यांना दोनदा फोन केला - आल्याशिवाय लेखा विभाग पैसे सोडणार नाही; तरी कृपया 12 - 14 तारखेपर्यंत आपण बोलून घ्यावे - नाहीतर तिसरी खेप थांबेल.

एवढ्या मजकुरात पूर्णविराम एकच आहे आणि तो अगदी शेवटी आहे. अर्धविराम चार आणि रेघा सहा. त्यांतला ‘झाला आहे; पण’ हा अर्धविराम मात्र बरोबर आहे. तो का बरोबर आहे हे कळले, की बाकीच्या चुका आपोआप दिसू लागतात.

मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत अर्धविरामाचा नियम थोडक्यात दिलेला असतो: दोन छोटी वाक्ये उभयान्वयी अव्ययाने जोडताना त्याच्या आधी अर्धविराम द्यावा. ‘निविदा उघडल्या; पण निर्णय झाला नाही’ हे वाक्य या नियमात बसते. इंग्रजीची रीत वेगळी आहे. तिथे ‘अँड’, ‘बट’ अशा जोडशब्दांच्या आधी सहसा स्वल्पविराम पुरतो. अर्धविराम येतो तो जोडशब्द नसताना, किंवा ‘हाउएव्हर’सारख्या शब्दाच्या आधी. सकाळी इंग्रजी मेल आणि दुपारी मराठी पत्र लिहिणाऱ्याच्या हातात हे दोन्ही नियम एकमेकांत मिसळतात. मग जिथे थोडे थांबावेसे वाटेल तिथे अर्धविराम पडू लागतो.

दोन्ही भाषांमध्ये एक अट मात्र सारखी आहे. अर्धविरामाच्या दोन्ही बाजूंना स्वतःच्या पायावर उभे राहू शकेल असे वाक्य हवे. ‘आदरणीय सर’ हे वाक्य नाही, ते संबोधन आहे. म्हणून तिथे स्वल्पविराम हवा. ‘जर बिल आले नाही; तर पैसे थांबतील’ हेही चूक, कारण ‘जर बिल आले नाही’ एवढ्यावर वाक्य पुरे होत नाही. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जो-तो या जोड्या स्वल्पविरामानेच सांधायच्या. यादी सुरू करण्यापूर्वीही अर्धविराम चालत नाही. ‘सोबत पाठवलेली कागदपत्रे’ लिहून झाल्यावर अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबे, द्यायची.

आता रेघा. मराठीत त्या दोन आहेत. आखूड रेघ म्हणजे संयोगचिन्ह. ती ‘पुणे-मुंबई’, ‘देणे-घेणे’ असे शब्द जोडते आणि तिच्या आजूबाजूला मोकळी जागा नसते. लांब रेघ म्हणजे अपसारणचिन्ह. बोलता बोलता विचार तुटला किंवा आधीच्या मजकुराचे स्पष्टीकरण द्यायचे असले, की ती येते. संगणकाच्या कळफलकावर स्वतंत्र कळ मिळते ती आखूड रेघेचीच. वर्ड आणि आउटलुक दोन शब्दांमधल्या दोन आखूड रेघांची आपोआप एक लांब रेघ करतात. फोनवर किंवा ब्राउझरमध्ये तसे होईलच असे नाही. त्यामुळे एकाच मेलमध्ये तीन प्रकारच्या रेघा दिसतात. ही मेल अक्षरसंकेत नीट न ओळखणाऱ्या जुन्या प्रणालीतून गेली, तर लांब रेघेच्या जागी `â€”` असली अक्षरेही उमटतात.

पण मराठी वाचकाला रेघेचा खरा त्रास होतो तो वाक्यरचनेमुळे. मराठी वाक्यात क्रियापद सहसा शेवटी येते. इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद येऊन जाते, त्यामुळे नंतर रेघ मारून काही घुसवले तरी मूळ गोष्ट कळलेली असते. मराठीत मात्र क्रियापद येईपर्यंत वाचकाला कर्ता, कर्म, तारीख हे सगळे ध्यानात धरून ठेवावे लागते. वरच्या नमुन्यात ‘दुसऱ्या खेपेची बिले’ आणि ‘आल्याशिवाय’ हे शब्द खरे तर शेजारी हवे होते. त्यांच्यामध्ये पुरवठादार, न दिलेली बिले आणि दोन फोन येऊन बसले. ‘आल्याशिवाय’ वाचेपर्यंत काय यायचे होते हेच वाचक विसरतो. शिवाय दोन रेघांच्या आत एक अर्धविराम आहे, म्हणजे अडथळ्याच्या पोटात आणखी एक अडथळा.

दुरुस्तीची वाट याच क्रियापदातून निघते. आपली मेल हळू आवाजात वाचायची. ‘झाला आहे’, ‘दिलेली नाहीत’, ‘फोन केला’ असे पुरे झालेले क्रियापद आले आणि पुढे नवा कर्ता किंवा नवी गोष्ट सुरू होत असली, की तिथे पूर्णविराम द्यायचा. दोन रेघांमध्ये कोंबलेला मजकूर उचलून त्याचे वेगळे वाक्य करायचे आणि मुख्य वाक्याच्या आधी किंवा नंतर ठेवायचे. एवढे करून तीच मेल पुन्हा लिहिली तर ती अशी होते:

> आदरणीय सर,
> पहिल्या खेपेतला माल नाशिकच्या गोदामात तपासून झाला आहे. दुसऱ्या खेपेची बिले पुरवठादाराने अजून दिलेली नाहीत. मी त्यांना दोनदा फोन केला. बिले आल्याशिवाय लेखा विभाग पैसे सोडणार नाही. पैसे मिळाले नाहीत, तर पुरवठादार तिसरी खेप पाठवणार नाही. कृपया आपण 12 तारखेपर्यंत पुरवठादाराशी बोलून घ्यावे.

मेल फारशी लहान झालेली नाही, पण तिच्यात चार गोष्टी नव्याने सांगाव्या लागल्या. फोन कोणी केला? ‘बोलून घ्यावे’ म्हणजे कोणाशी? तिसरी खेप नेमकी कशामुळे थांबेल? शेवटची तारीख 12 की 14? मूळ मेलमध्ये यांतल्या एकाचेही स्पष्ट उत्तर नव्हते. अर्धविराम आणि रेघ दोन गोष्टी शेजारी ठेवतात, पण त्यांचे नाते सांगायची जबाबदारी लिहिणाऱ्यावर टाकत नाहीत. पूर्णविरामानंतर नवे वाक्य सुरू करावे लागते आणि त्या वाक्याला कर्ता लागतो. त्यामुळे कामाची माणसे आणि तारखा लपून राहू शकत नाहीत.

आकड्यांमधली रेघ तर थेट पैशाचा घोळ करते. ‘12 - 14 तारखेपर्यंत’ या शब्दांतून मुदत नेमकी कधी संपते ते कळत नाही. ‘रजा 8-12’ असे लिहिले, तर ती आठ तारखेपासून बारा तारखेपर्यंत, की बारा डिसेंबरच्या धर्तीवर आठ डिसेंबरला, हे वाचणाऱ्याने ठरवायचे. ‘शिल्लक -4500’ ही रेघ यादीतली आहे की रक्कम खरोखर उणे आहे? यावर उपाय शब्दांचाच. ‘8 ते 12 जुलै, दोन्ही दिवस धरून’ असे लिहावे. ‘शिल्लक 4500 रुपये’ किंवा ‘4500 रुपये कमी पडतात’ असे लिहावे आणि पूर्णविराम द्यावा.

ही चिन्हे मराठीत मुळातली नव्हेत, हेही ध्यानात घ्यायला हवे. मोडी लिपीतल्या दप्तरांत ओळीच्या ओळी शब्द न तोडता, विरामचिन्हांशिवाय लिहिलेल्या आढळतात. अर्धविराम छापला गेला तो व्हेनिसमध्ये, आल्दुस मानुतियुस या मुद्रकाच्या छापखान्यात, पंधराव्या शतकाच्या शेवटी. मराठीत आजच्या विरामचिन्हांची व्यवस्था रुळवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा आहे. ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्यांचे पुस्तक 1850 मधले. आज सरकारी संगणकांवर शिकवल्या जाणाऱ्या इनस्क्रिप्ट कळफलकात अर्धविरामाच्या कळेवर ‘च’ आहे. अर्धविरामासाठी कळफलक इंग्रजीवर न्यावा लागतो. पूर्णविरामाची आणि आखूड रेघेची कळ मात्र जागच्या जागी आहे. घाईत रेघच का पडते, याचे एक साधे कारण इथेही सापडते.

दुसरे कारण सभ्यतेचे आहे. अनेकांना पूर्णविराम तुटक वाटतो आणि रेघ मवाळ. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये विद्यार्थ्यांवर याचा अभ्यास केला. मोबाइलवरच्या एकशब्दी उत्तरापुढे पूर्णविराम असला, तर ते उत्तर वाचणाऱ्यांना कमी मनापासूनचे वाटले. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत दाखवले, तेव्हा असा फरक दिसला नाही. म्हणजे हा परिणाम गप्पांच्या माध्यमाचा आहे. पूर्ण वाक्यांच्या मेलला तो लावून भिण्याचे कारण नाही. मवाळपणा हवा असेल तर तो ‘कृपया’, ‘आपण’, ‘जमल्यास’ या शब्दांतून आणावा.

पूर्णविरामालाही मर्यादा आहेत. ‘जर बिल आले नाही. तर पैसे थांबतील.’ असे तोडणे अर्धविरामाइतकेच चूक आहे. प्रत्येक वाक्य तीन शब्दांचे केले, तर कारण आणि परिणाम यांची गाठ सुटते. अशा वेळी ‘म्हणून’, ‘त्यामुळे’, ‘मात्र’ या शब्दांनी पुढचे वाक्य सुरू करावे. अर्धविरामाला पर्याय नाही अशाही जागा आहेत. ज्या यादीतल्या नोंदींमध्येच स्वल्पविराम असतात, तिथे तोच हवा: ‘पुणे, महाराष्ट्र; पणजी, गोवा; बेळगाव, कर्नाटक’. आउटलुकमध्ये मेल कोणाकोणाला पाठवायची ते लिहिताना दोन पत्त्यांमध्येही अर्धविरामच देतात.

मेल पाठवण्यापूर्वी ती एकदा फक्त रेघा आणि अर्धविराम शोधण्यासाठी वाचावी. प्रत्येकाच्या जागी पूर्णविराम ठेवून पाहावा. दोन्ही बाजूंची वाक्ये पुरी राहिली, तर तो तसाच राहू द्यावा. एखादे वाक्य लंगडे पडले, तर त्यात कोण, काय किंवा कधी यांतले काही सुटले आहे का ते पाहावे आणि तेवढे भरून मगच मेल पाठवावी.