मयताचे नाव आणि वारसांची नोंद

१ एप्रिल २०२५ पासून महसूल खात्याने राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम आरंभिली, आणि मयत खातेदारांच्या जागी त्यांच्या वारसांची नावे लावण्यासाठी गावोगाव चावडीवर यादीचे वाचन करण्याचा हुकूम निघाला. माणसे जाऊन एक-दोन पिढ्या लोटल्यावरही त्यांचीच नावे कब्जेदार म्हणून कायम राहिलेली असावीत आणि ती हटविण्यासाठी सरकारला मोहीम काढावी लागावी, ही गोष्ट, नागफणीच्या शेजारी घाटमाथ्यावर वसलेल्या आमच्या कुरवंड्याचा रहिवासी म्हणून, मला मनापासून बोचली. कारण वारसांची नावे का गाळली जातात आणि कोणाच्या सोयीसाठी गाळली जातात, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

वारसाच्या कायद्याचा प्राचीन इतिहास येथे फार सांगण्याचे प्रयोजन नाही. एल्फिन्स्टनच्या अमदानीतील १८२७ चा आठवा रेग्युलेशन आला, त्यान्वये दिवाणी न्यायालयातून वारस दाखला मिळू लागला आणि तो कायदा आजही लागू आहे. १९५६ साली हिंदू उत्तराधिकार अधिनियम झाला, १९६६ साली महाराष्ट्र जमीन महसूल संहिता झाली. त्यानंतरच्या वर्षांत आमच्याकडे जमिनीला मोलच नव्हते, म्हणून तंटेही बेताचे होते.

खरी उलथापालथ झाली ती १९९० नंतरच्या दशकात. मुंबईच्या धनिकांना घाटमाथ्यावरचे धुके आणि पाऊस एकाएकी प्रिय झाले, द्रुतगती मार्गाची वार्ता पसरली, आणि ज्या वरकस मुरमाड जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नसे तिच्यासाठी दलाल उंबरे झिजवू लागले. बाप वारला की दिवस-तेराव्याच्या आतच वारसनोंदीची घाई सुरू होई. परंतु ती घाई सर्व वारसांची नोंद व्हावी म्हणून नसून, नावे जितकी थोडी तितका व्यवहार सोपा, या हिशेबाने असे.

त्या दशकातला एक सातबारा माझ्या नजरेसमोर आहे. खातेदाराने स्वकष्टाने घेतलेली जमीन, मृत्युपत्र नाही, मागे वृद्ध आई, पत्नी, दोन मुलगे आणि लग्न होऊन दूर गेलेल्या दोन मुली. फेरफारात मात्र थोरल्या मुलाचे एकट्याचे नाव, आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ ही तीन अक्षरे, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. अज्ञान वारसांसाठी ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता असे लिहीत, त्याच जातीचा हा शिक्का. ज्यांच्या वतीने हा मॅनेजर व्यवहार पाहणार, त्यांची नावे कागदावर कोठेच नव्हती. पुढे जमीन विकली गेली तेव्हा सही त्या एकट्याचीच चालली.

१९५६ च्या कायद्याप्रमाणे हिशेब अगदी सरळ होता. आई, पत्नी, मुलगे आणि मुली हे सर्व पहिल्या वर्गाचे वारस, आणि त्यांना समान हिस्सा. म्हणजे येथे प्रत्येकी एक-षष्ठांश. मुलींना वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत हा हक्क १९५६ पासूनच होता. वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद म्हणून हक्क देण्यासाठी महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली केलेल्या सुधारणांची त्यांना येथे वाट पाहावी लागत नव्हती. मयताची आई वारस असते, हे तर आजही पुष्कळांच्या गावी नसते. ती पुढे वारली, तेव्हा तिचा षष्ठांश तिच्या वारसांकडे गेला: तिचा हयात असलेला दुसरा मुलगा, तिची मुलगी, आणि आधीच निवर्तलेल्या या मुलाची चार मुले मिळून एक शाखा, अशा तीन वाटण्या, प्रत्येकी एक-अष्टादशांश. चुलता आणि आत्या अशा रीतीने त्या जमिनीत रीतसर भागीदार झाले, आणि सातबारा मात्र एका नावावर स्वस्थ राहिला. आत्या माहेरी येई तेव्हा तिला चोळी-बांगडी देऊन बोळवीत. हक्कसोडपत्र मात्र कोणी करून घेतले नाही, कारण ते नोंदणीकृत असावे लागते आणि त्यावर तिची सही लागते, म्हणजे तिला हक्क आहे हे आधी सांगावे लागते. हा अन्याय अज्ञानाने झाला असे मी मानीत नाही.

नोंदीची वाट तेव्हाही कायद्यात स्वच्छ होती आणि आजही आहे. संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत तलाठ्याला, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, द्यावयाची. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सातबारा व आठ-अ चे उतारे, सर्व वारसांची नावे, वये, नाते व पत्ते, आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र. वारस रजिस्टरात, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, चौकशी होते. मग नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते, पंधरा दिवसांत हरकत न आल्यास मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर ती तक्रारी नोंदवहीत जाऊन सुनावणी होते. सारा डोलारा वंशावळीच्या त्या एका प्रतिज्ञापत्रावर उभा असतो. त्यातून बहीण वगळली की तिला नोटीसही जात नाही, आणि नोंद निर्वेध मंजूर होते. नंतर कळले तर प्रांताधिकाऱ्यांकडे विलंब माफीसह अपील, अथवा दिवाणी दावा, हेच मार्ग उरतात. फेरफार हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे, ते मुख्यतः महसुलाचे दप्तर आहे, एवढाच वगळलेल्या वारसाला दिलासा.

आणखी एक अडचण अगदी क्षुल्लक दिसते आणि महिनोन् महिने खाते. सातबाऱ्यावर ‘गणू’, मृत्यूच्या दाखल्यावर ‘गणपत’, शिधापत्रिकेत तिसरेच. मग दोन्ही नावे एकाच इसमाची असे प्रतिज्ञापत्र व स्थानिक जबाब जोडावे लागतात. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत झाली नसेल तर तिथपासूनच काम सुरू होते.

अलीकडे माझी तक्रार वेगळी आहे. वडील वारल्यावर एका कचेरीत सातबाऱ्याच्या नोंदीसाठीही ‘न्यायालयाचा वारस दाखला आणा’ असे मला तोंडी सांगितले गेले, आणि लेखी मागितले तेव्हा ते मिळाले नाही. वस्तुतः शेतजमिनीच्या नोंदीसाठी वर सांगितलेली महसुली वाट पुरेशी असते. न्यायालयाचा दाखला लागतो तो वारसांत वाद असला अथवा एखादे कार्यालय तो नियमाने मागत असले तर. मावळात त्यासाठी वडगावच्या दिवाणी न्यायालयात वारसांच्या यादीसह अर्ज, जाहीर नोटीस, हरकतीची मुदत आणि शपथेवर पुरावा, असा क्रम चालतो. बँकेतील ठेव वा समभाग यांसाठी तर उत्तराधिकार प्रमाणपत्र हे १९२५ च्या अधिनियमाखालील निराळे प्रकरण आहे. तिन्ही एकच समजून माणसे वकिलांच्या पायऱ्या झिजवतात.

चावडीवरचे पूर्वीचे वाचन नावापुरते उरले याचे मला दुःख आहे; दहा जण ऐकत असता ‘त्याला दोन बहिणीही आहेत’ असे कोणीतरी उठून सांगत असे. आता अर्ज संगणकावरून जातो, आणि ऐकणारा कोणी नसतो. ज्यांच्या घरी नुकताच बाप गेला असेल त्यांनी वंशावळ लिहिताना आजी हयात असल्यास तिचे आणि प्रत्येक बहिणीचे नाव पहिल्याच अर्जात घालावे, कचेरीने अधिक कागद मागितल्यास त्याचा नियम लेखी मागावा, आणि नोंद प्रमाणित झाल्यावर नवा सातबारा काढून नावे एकेक वाचून पाहावीत.