पाच किलो खत, पन्नास लिटर द्रावण, अर्धा तास

नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात टोमॅटोच्या बेडवर ठिबकच्या नळ्या आणि पाइपाला जोडलेली व्हेंच्युरी आता सर्रास दिसते. ड्रममध्ये 19:19:19 ओतायचं, ढवळायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा आणि ड्रम रिकामा झाला की काम झालं, असं समजायचं. पण ड्रम रिकामा होणं आणि खत प्रत्येक झाडाला सारखं मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी साधायची असेल तर थोडं गणित करावं लागतं. ते चौथीच्या पुढचं नाही.

एक एकर टोमॅटो घेऊ. बेडमध्ये पाच फुटांचं अंतर, प्रत्येक बेडवर एक नळी, दर 40 सेंटिमीटरला ताशी दोन लिटरचा ड्रिपर. नळीची एकूण लांबी सुमारे 2,650 मीटर, म्हणजे ड्रिपर 6,600च्या आसपास. सगळे एकदम चालू असताना शेतात ताशी 13,200 लिटर पाणी जातं. पुढचा सगळा हिशेब या आकड्यावर उभा आहे. म्हणून तो कागदावरून घेऊ नये, ड्रिपरखाली भांडं धरून तपासावा. दोन लिटरच्या ड्रिपरमधून मिनिटाला साधारण 33 मिलिलिटर पाणी मिळायला हवं.

आता खत. या वेळचा डोस 19:19:19चे 5 किलो असेल, तर त्यात 19 टक्क्यांनी 950 ग्रॅम नत्र येतं. 10 टक्के तीव्रतेचं द्रावण म्हणजे दर लिटरला 100 ग्रॅम खत, म्हणून 5 किलोसाठी 50 लिटर द्रावण लागेल. इथे एक बारकावा आहे. 50 लिटर पाण्यात 5 किलो टाकलं, तर द्रावण 50 लिटरपेक्षा जास्त भरतं. आधी 35-40 लिटर पाण्यात खत पूर्ण विरघळवावं आणि मग 50च्या खुणेपर्यंत पाणी भरावं.

वेळ तीन टप्प्यांत वाटतात. पहिली 15 मिनिटं साधं पाणी, म्हणजे नळ्या भरतात आणि दाब स्थिरावतो. मग अर्धा तास खत. शेवटी पुन्हा 15 मिनिटं साधं पाणी, म्हणजे नळीत खत उरत नाही. 50 लिटर अर्ध्या तासात ओढायचे, तर व्हेंच्युरीची गती ताशी 100 लिटर हवी. त्या अर्ध्या तासात 6,600 लिटर पाणी वाहतं. 5,000 ग्रॅमला 6,600ने भागलं, तर लिटरला सुमारे 0.76 ग्रॅम खत आणि 144 मिलिग्रॅम नत्र पडतं. टोमॅटोला हे प्रमाण मानवतं.

व्हेंच्युरी मात्र दाबातल्या फरकावर चालते. फिल्टर तुंबला किंवा वीज कमी दाबाने आली की तिची ओढ बदलते. म्हणून तिच्यावर छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. खुणेपर्यंत भरलेली 10 लिटरची बादली तिच्या नळीखाली ठेवावी आणि मोबाइलवर वेळ लावावी. बादली सहा मिनिटांत संपली, तर गती ताशी 100 लिटर. साडेसात मिनिटं लागली, तर ती 80 लिटर, म्हणजे 50 लिटरना साडेसदतीस मिनिटं लागतील. मग बायपास व्हॉल्व्ह थोडा आवळून ओढ वाढवावी किंवा खत सोडण्याची वेळ तेवढी लांबवावी. दोन्ही चालतं, कारण शेतात जाणारे किलो तेवढेच राहतात, बदलते ती फक्त तीव्रता.

खरी गल्लत होते ती अर्ध्याच एकराचा व्हॉल्व्ह उघडा असताना. पाणी निम्म्यावर, ताशी 6,600 लिटरवर येतं, पण ड्रम तोच ओतला जातो. अर्ध्या भागात झाडांना दुप्पट खत बसतं आणि पाण्यातली तीव्रता लिटरला दीड ग्रॅमवर जाते. अर्ध्या क्षेत्राला अडीच किलो खत आणि 25 लिटर द्रावण एवढाच हिशेब बरोबर. व्हेंच्युरीची गतीही निम्मी, ताशी 50 लिटर ठेवावी.

कॅल्शियम नायट्रेट या ड्रममध्ये कधीही मिसळू नये. त्यातलं कॅल्शियम स्फुरदाशी किंवा सल्फेटशी जुळून पांढरा साका बनतो आणि ड्रिपर बुजतात. ते वेगळ्या दिवशी द्यावं. शंका असेल, तर काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात मिसळून तासभर ठेवावं. गढूळ झालं, तर ते मिश्रण शेतात जाऊ नये. थंडीत 13:00:45 सावकाश विरघळतं, कारण विरघळताना ते पाणी आणखी गार करतं. तळाशी खडे राहिले, तर पाणी वाढवून द्रावण पातळ करावं. द्रावण जितकं वाढेल, तितकी वेळही वाढवावी.

हिशेब जमला की नाही, हे ईसी मीटर सांगतो. खत चालू असताना पहिल्या आणि शेवटच्या बेडवरच्या ड्रिपरचं पाणी मोजावं. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर खत सारखं पोहोचतंय. शेवटचा आकडा साध्या पाण्याइतकाच राहिला, तर खत तिथवर पोहोचायला जास्त वेळ लागतोय. अशा शेतात शेवटचं साधं पाणीही तितकंच लांबवावं. आणि व्हेंच्युरीच्या पुढे विहिरीकडच्या बाजूला उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह असायलाच हवा. मध्येच वीज गेली, तर खताचं पाणी विहिरीत उतरण्यापासून तोच वाचवतो.