पेटीचा गांधार, तंबोऱ्याचा गांधार

जवारी नीट लागलेला तंबोरा छेडा आणि डोळे मिटून खर्जाची तार ऐका. थोड्या वेळाने तिच्यातूनच गांधार उमटू लागतो. ती तार कोणी गांधारात मिळवलेली नसते. कोणतीही तार मूळ कंपनांबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनेही करते आणि त्यातले पाचपटीचे कंपन म्हणजेच हा स्वयंभू गांधार.

समजा, षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा आहे. त्याची पाचपट १२००. ती दोन सप्तके खाली आणली की ३०० होतात. हा तंबोऱ्याचा गांधार. पेटीवर मात्र त्या षड्जाचा गांधार साधारण ३०२.४ कंपनांवर मिळतो.

हा फरक पेटीच्या गरजेतून आला. तिच्यावर काळी एक, पांढरी चार, कोणत्याही पट्टीला षड्ज मानून वाजवता यायला हवे. आता २४० वरून शुद्ध गांधार घेतला, ३००. त्यालाच षड्ज मानून पुढचा गांधार, ३७५. त्याचा पुढचा, ४६८.७५. पट्ट्या मोजल्या तर इथे तार षड्ज यायला हवा, पण तो ४८० वर आहे. ही तूट भरण्यासाठी सप्तकाचे बारा सारखे भाग केले आणि प्रत्येक गांधार किंचित वर ओढला. पंचमाला याची झळ फारशी लागली नाही. ३६० ऐवजी तो ३५९.६ झाला.

श्रुतींच्या प्रचलित गणितात शुद्ध गांधाराच्या दोन जागा सांगतात. एक ही ३०० ची. दुसरी पंचमामागून पंचम घेत गेल्यावर येणारी, ३०३.७५ ची. पेटीची पट्टी नेमकी या दोहोंच्या मध्ये पडते.

कान ही गणिते करत नाही, तो घासणे ऐकतो. षड्जाचे पाचपट कंपन १२००. पेटीच्या गांधाराचे चौपट सुमारे १२०९.५. हे दोन नाद एकत्र आले की आवाज सेकंदाला नऊ-दहा वेळा लहानमोठा होतो. भौतिकशास्त्रात यांना विस्पंद म्हणतात. आपल्याला ती स्वराच्या अंगावरची फडफड वाटते. गळ्याने गांधार हळूहळू उतरवत ३०० वर आणला की फडफड मंदावते, थांबते आणि स्वर तंबोऱ्यात विरघळतो. गवई ‘स्वर लागला’ म्हणतात तो क्षण हाच.

ही फडफड ऐकू यायला स्वर क्षणभर तरी स्थिर हवा. द्रुत तानेत गांधार इतका पटकन निसटतो की फरक जाणवत नाही. मींड आणि आंदोलनात तर स्वर एका आकड्यावर उभाच नसतो. म्हणून श्रुतींचे आकडे हे गायकाला घातलेले कुंपण नव्हे. मात्र विलंबित आलापात, तंबोरे भरून वाजत असताना गवई गांधारावर थांबला आणि साथीच्या पेटीनेही तोच स्वर धरून ठेवला, तर ती दोन-अडीच कंपने स्पष्ट ऐकू येतात.