गुळगुळीत कण

सूक्ष्मदर्शकाखाली सोन्याचा एक कण ठेवलाय. तो खडकात घडलेला असेल, तर त्याच्या कडा खडबडीत दिसतील. नदीने वाहून आणलेला असेल, तर त्या घासून गोलसर झालेल्या असतात आणि बाहेरच्या थरातली चांदी पाण्याने कमी केलेली असते. एवढ्याशा गोलाईने अब्जावधी डॉलरची कंपनी बुडवली!

ब्री-एक्स ही कॅनडातली छोटी शोधकंपनी. खाण नाही, विक्री नाही. फक्त इंडोनेशियातल्या बुसांगच्या जंगलात भोकं पाडायची आणि निघालेल्या दगडाच्या कांड्या तपासायच्या. १९९७ पर्यंत तिथे सात कोटी औंस सोनं असल्याचं बोललं जाऊ लागलं आणि कंपनीचं बाजारमूल्य सहा अब्ज कॅनेडियन डॉलरच्या वर गेलं. मग फ्रीपोर्ट ही मोठी खाणकंपनी भागीदार व्हायला निघाली. तिने पडताळणीसाठी जुन्या भोकांच्या शेजारीच नवी भोकं पाडली. सोनं जवळपास नव्हतंच. प्रयोगशाळेत जाण्याआधी दगडाच्या चुऱ्यात नदीतलं सोनं मिसळलेलं होतं. एरवी कांडी उभी चिरून अर्धी जपून ठेवतात, म्हणजे कुणालाही पुन्हा तपासता येते. इथे मात्र जवळपास सगळीच दळून टाकलेली. खरं तर संशयाला तेवढं पुरे होतं.

ब्री-एक्स शून्यावर आली. फ्रीपोर्टकडे मात्र ग्रासबर्गची चालू खाण होती. बुसांगवर पाणी सोडून ती आपल्या कामाला लागली.

फसवणूक हा अपवाद. पण प्रामाणिक शोधकंपनीचंही भोक बहुतेकदा रिकामंच निघतं, आणि पुढच्या भोकासाठी तिच्याकडे कमाई नसते. मग ती नवे शेअर विकते. तुमच्याकडे शंभरातले दहा शेअर असतील आणि आणखी शंभर निघाले, तर तुमचा वाटा दहा टक्क्यांवरून पाचवर येतो. एक ग्रॅमही सापडण्याआधी!

चालू खाणीचा धोका वेगळ्याच जातीचा. समजा औंसाचा भाव २,००० डॉलर आणि काढायचा खर्च १,५०० डॉलर. भाव १० टक्क्यांनी उतरून १,८०० झाला, तर नफा ५०० वरून ३०० वर येतो, म्हणजे ४० टक्क्यांनी. झटका मोठाच, त्यात संप, पूर, डिझेलचे दर आहेतच. तरी कागद-पेन्सिल घेऊन हा हिशेब मांडता येतो, कारण सोनं आहे हे ठाऊक असतं. प्रश्न असतो तो किती उरेल याचा.

शोधकंपनीच्या शेअरला हा हिशेब लागूच पडत नाही. सोन्याचा भाव दुप्पट झाला, तरी बुसांगच्या त्या भोकांत काय फरक पडला असता?