कर भरला, कागद राहिला

समजा, डोंबिवलीतल्या एका गृहनिर्माण सोसायटीनं २०२४ च्या जुलैमध्ये इमारत रंगवून घेतली. काम एका भागीदारी फर्मला दिलं होतं आणि बिल झालं साडेचार लाखांचं. सोसायटी सहकारी संस्था असल्यामुळे एवढ्या रकमेच्या कंत्राटावर मुळातून करकपात, म्हणजे टीडीएस, करणं तिला बंधनकारक होतं. फर्मसाठी दर दोन टक्के. खजिनदारांनी २० जुलैला नऊ हजार रुपये कापून उरलेल्या रकमेचा धनादेश दिला. पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत त्यांनी ते नऊ हजार सरकारजमाही केले, चलन फायलीत लावलं आणि विषय संपला असं समजून ते गणपतीच्या वर्गणीकडे वळले.

विषय मात्र संपला नव्हता. पैसे भरल्यावर सरकारला त्या पैशांचा हिशोबही द्यावा लागतो. कोणाच्या पॅनवर, कोणत्या तारखेला, किती रकमेवर, किती कर कापला आणि तो कोणत्या चलनानं भरला, हे सांगणारं पत्रक दर तिमाहीला दाखल करायचं असतं. कायदा त्याला विवरणपत्र म्हणतो, पण सीएच्या कार्यालयात सगळे त्याला टीडीएस रिटर्नच म्हणतात. पगारावरच्या कपातीसाठी २४क्यू आणि कंत्राटदार, भाडं, व्यावसायिक फी वगैरेंसाठी २६क्यू असे त्याचे वेगवेगळे नमुने तेव्हा होते. एप्रिल ते जून या तिमाहीचं पत्रक ३१ जुलैपर्यंत, त्यापुढच्या दोन तिमाहींची ३१ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारीपर्यंत द्यायची. वर्षअखेरच्या तिमाहीसाठी मात्र ३१ मेपर्यंत सवड असते.

आपल्या सोसायटीची कपात जुलैतली, म्हणून तिचं २६क्यू ३१ ऑक्टोबरपर्यंत जायला हवं होतं. ते राहून गेलं. डिसेंबरात रंगकाम करणाऱ्या फर्मच्या भागीदाराचा फोन आला : "साहेब, तुम्ही कापलेले नऊ हजार आमच्या २६एएसमध्ये दिसतच नाहीत." तेव्हा कुठे धावपळ झाली आणि २० डिसेंबरला पत्रक दाखल झालं.

आता उशिराचा हिशोब. तेव्हा लागू असलेल्या आयकर कायदा, १९६१ च्या कलम २३४ई प्रमाणे उशिराच्या प्रत्येक दिवसाला २०० रुपये शुल्क लागत होतं. मोजणी मुदतीच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते आणि पत्रक दाखल होईपर्यंत चालते. रविवार, दिवाळी, कार्यालय बंद, काहीही वजा होत नाही. नोव्हेंबरचे ३० आणि डिसेंबरचे २० असे ५० दिवस, म्हणजे दहा हजार रुपये. पण याच कलमात एक मर्यादा आहे : त्या पत्रकातल्या करापेक्षा शुल्क जास्त होता कामा नये. कर नऊ हजार, म्हणून शुल्कही नऊ हजारांवर थांबतं. दिवसाला दोनशेच्या हिशोबानं हा आकडा ४५ व्या दिवशी, म्हणजे १५ डिसेंबरलाच गाठला गेला होता. शेवटच्या पाच दिवसांचं वेगळं काही लागलं नाही.

म्हणजे ज्या सोसायटीनं कराचा एकही रुपया बुडवला नाही, तो वेळेवर भरला, तिला कराइतकीच रक्कम पुन्हा मोजावी लागली. याच्या शेजारी दुसरं चित्र ठेवून पाहा. पत्रक वेळेवर, पण पैसे भरायला एकच दिवस उशीर, म्हणजे सातऐवजी आठ ऑगस्ट. तेव्हा दरमहा दीड टक्का व्याज लागलं असतं. कपात झाली तो जुलै आणि भरणा झाला तो ऑगस्ट, असे दोन महिने धरून तीन टक्के, म्हणजे २७० रुपये. पैसे थोडे उशिरा भरणं २७० रुपयांत निभावतं, कागद उशिरा देणं नऊ हजारांना पडतं. लहान कर कापणाऱ्यांचा अंदाज नेमका इथेच चुकतो. मोठं काम झालं आणि किरकोळ राहिलं, असं त्यांना वाटत असतं.

मर्यादेचा दिलासाही सगळ्यांना सारखा मिळत नाही. तिघांनी आपापलं पत्रक असंच ५० दिवस उशिरा दिलं असं धरू. पहिल्याचा तिमाहीचा कर अवघा १,२०० रुपये. त्याचं शुल्क सहाव्या दिवशीच १,२०० ला पोहोचून थांबलं. दुसरी आपली सोसायटी, तिचे नऊ हजार. तिसरी आठ लाख रुपये कर कापणारी कंपनी. तिला ५० दिवसांचे पूर्ण दहा हजार लागले, पण ते तिच्या कराच्या सव्वा टक्का एवढेच. रुपयांत पाहिलं तर मर्यादेनं लहानाला वाचवलं. कराशी तुलना केली तर मात्र लहानाला शंभर टक्के पडले आणि मोठ्याला नाममात्र. दिवसाचा दर सगळ्यांना एकच ठेवला की असंच होणार. उशीर कितीचा झाला हे या दराला कळत नाही, किती दिवसांचा झाला एवढंच कळतं.

ही मर्यादा पत्रकागणिक लागते, हेही ध्यानात ठेवायला हवं. त्याच तिमाहीत सोसायटीनं दुसऱ्या एखाद्या कंत्राटदाराचाही कर कापला असता, तर दोन्ही नोंदी एकाच २६क्यूमध्ये गेल्या असत्या, शुल्क एकदाच मोजलं गेलं असतं आणि मर्यादा दोन्ही करांच्या बेरजेइतकी वाढली असती. पण पगारावरचं २४क्यूही राहिलं असेल, तर त्याचे दोनशे रुपये रोज वेगळे.

एवढी कडक तरतूद कशासाठी? १ जुलै २०१२ च्या आधी अशा उशिराला दिवसाला १०० रुपये दंड होता. तो लावण्याआधी अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागे, म्हणणं ऐकावं लागे, आणि उशिराचं रास्त कारण पटलं तर दंड माफही होई. २०१२ च्या वित्त कायद्यानं त्याऐवजी शुल्क आणलं. नावातला हा फरक साधा नाही. शुल्क आपोआप लागतं, आणि आजारपण, खजिनदाराची बदली, संगणक बिघडणं अशी कारणं ऐकून ते सोडून देण्याची सोय या कलमात नाही. या तरतुदीला आव्हान दिलं गेलं, पण फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ती घटनात्मक ठरवली. पत्रक वेळेवर आलं नाही की ज्याचा कर कापला गेला त्याला त्या कराचं श्रेय देता येत नाही, त्याचा परतावा अडतो आणि खात्याचं काम वाढतं. त्या जादा कामाचा हा मोबदला आहे, शिक्षा नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. रंगकामवाल्या भागीदाराचा तो फोन आठवला की या युक्तिवादातलं तथ्य पटतं. कर त्याच्या बिलातून गेला होता, पण त्याच्या नावावर चढला नव्हता.

एक फट मात्र राहिली होती. पत्रकांची छाननी करणाऱ्या केंद्रानं पाठवायच्या सूचनापत्रात हे शुल्क मोजण्याचा स्पष्ट अधिकार कायद्यात १ जून २०१५ पासून आला. मग २०१२ ते २०१५ दरम्यान पाठवलेल्या शुल्काच्या मागण्यांचं काय? कर्नाटक उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये त्या चालणार नाहीत असं म्हटलं, तर गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये उलट निर्णय दिला. आजच्या उशिराला या वादाचा आधार मिळत नाही. अधूनमधून मुदतच वाढवली जाते, तेव्हा मात्र सगळ्यांना सूट मिळते. नव्या नमुन्यातल्या अडचणींमुळे २०२२ मध्ये जुलै-सप्टेंबर तिमाहीच्या २६क्यूची मुदत ३१ ऑक्टोबरवरून ३० नोव्हेंबरवर नेली होती, ती अशीच.

शुल्क भरण्याचा क्रमही कायद्यानं ठरवून दिला आहे : आधी शुल्क, मग पत्रक. टीडीएसच्या नेहमीच्या चलनावरच शुल्काचा वेगळा रकाना असतो. उशिराचे दिवस मोजायचे, दोनशेनं गुणायचे, आलेला आकडा पत्रकातल्या कराशी ताडून जो लहान असेल तो त्या रकान्यात भरायचा आणि त्या चलनाचा तपशील पत्रकात द्यायचा. शुल्क न भरताही पत्रक दाखल होतं, पण छाननीत ते लपत नाही. ट्रेसेस संकेतस्थळावर सोसायटीच्या टॅनवर मागणी दिसू लागते आणि सूचनापत्र येतं. मग पैसे भरून, नवं चलन जोडून दुरुस्तीचं पत्रक द्यावं लागतं. एकाच कामासाठी दोनदा खटपट होते. मागणी आली की आधी ट्रेसेसवरून जस्टिफिकेशन रिपोर्ट उतरवून घ्यावा. रक्कम उशिराच्या शुल्काची आहे, व्याजाची आहे की चुकीच्या पॅनमुळे निघालेल्या कमी कपातीची, हे त्यात ओळीओळीनं दिलेलं असतं. ते न पाहता पैसे भरले, तर भलत्याच रकान्यात भरले जातात आणि मागणी तशीच राहते.

मर्यादा गाठली, आता आणखी काही वाढणार नाही, म्हणून पत्रक महिनोनमहिने बाजूला ठेवणारेही असतात. त्यांच्यासाठी १९६१ च्या कायद्यात कलम २७१एच होतं. पत्रक वेळेवर न देण्याबद्दल त्यात दहा हजारांपासून एक लाखापर्यंत दंड होता, आणि तो शुल्काव्यतिरिक्त. कर, व्याज आणि शुल्क भरून एका वर्षात पत्रक दिलं, तर हा दंड लागत नसे. आपल्या सोसायटीच्या वेळी हीच मुभा होती, म्हणून पन्नास दिवसांच्या उशिरातही ती नऊ हजारांवर सुटली. १ एप्रिल २०२५ पासून ही मुभा एका महिन्यावर आली. या दंडाला रास्त कारण सांगून माफी मागता येते, पण ती देणं अधिकाऱ्याच्या हाती आहे. एवढाच उशीर त्यानंतरच्या पत्रकाला झाला, तर नऊ हजारांच्या करावर नऊ हजारांचं शुल्क आणि वर किमान दहा हजारांच्या दंडाची टांगती तलवार, अशी स्थिती होते. मर्यादा आहे ती फक्त शुल्काला.

म्हणून सोसायटीच्या कामात एक छोटा बदल पुरेसा आहे. टीडीएसचं चलन भरलं की त्याची प्रत त्याच दिवशी कंत्राटदाराच्या पॅनसह सीएकडे पाठवावी आणि समितीच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत त्या तिमाहीच्या पत्रकाची तारीख टाकावी. पत्रक दाखल झाल्याची पावती आणि तिच्यावरचा टोकन क्रमांक चलनाच्याच फायलीत लागला, की तेव्हा ते बिल खऱ्या अर्थानं मिटलं असं समजावं.