बाळंतिणीचा व्यायाम: मोबाइलसमोर की जिममध्ये?

डोंबिवलीतली, बँकेत नोकरी करणारी एक आई माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी आली, तेव्हा तिचं बाळ साडेतीन महिन्यांचं होतं. सिझर झालेलं. सव्वा महिना माहेरी शेक, मालिश, डिंकाचे लाडू, पोटाला पट्टा असं सगळं रीतसर झालं होतं. सासरी परतल्यावर तिने '३० दिवसांत पोट सपाट' अशा नावाचे व्हिडिओ मोबाइलवर लावायला सुरुवात केली. बाळ झोपलं की रोज २० मिनिटं, न चुकता. महिन्याभरानंतर पोट आत गेलं नव्हतंच. उलट उताणं झोपून मान उचलली की पोटाच्या मधोमध उभा उंचवटा दिसायचा आणि शिंक आली की थेंबभर लघवी व्हायची.

"व्हिडिओ बंद करून जिम लावू का?" एवढंच तिला विचारायचं होतं. जिम सोसायटीपासून दहा मिनिटांवर होती आणि वर्षाचे पैसे एकदम भरले तर मोठी सवलत मिळणार होती.

मी आधी तिचं पोट तपासलं. ही तपासणी घरीही करता येते. उताणं झोपून गुडघे दुमडायचे, दोन बोटं बेंबीच्या जरा वर आडवी ठेवायची आणि श्वास सोडत डोकं थोडंसंच उचलायचं. पोटाचे दोन उभे स्नायू दोन्ही बाजूंनी बोटांजवळ येताना जाणवतात. गरोदरपणात त्यांच्या मधला पडदा ताणला जातो आणि फट पडते. ती बऱ्याच जणींच्या बाबतीत पहिल्या दोन महिन्यांत बरीचशी आपोआप कमी होते. दोन बोटांपर्यंतची फट सहसा काळजीची नसते. हिची फट तीन बोटांची होती आणि बोटं मऊ कणकेत जावीत तशी आत जात होती. मला रुंदीपेक्षा हा मऊपणा जास्त महत्त्वाचा वाटतो. पडदा ताठ होत नाही, याचा अर्थ पोट अजून भार पेलत नाही.

अशा पोटावर तिने महिनाभर उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम आणि दोन्ही पाय एकदम वर उचलणं असे प्रकार केले होते. त्यात पोटातला दाब वाढतो. समोरची भिंत सैल असली की तो दाब मधल्या फटीतून पुढे येतो, तोच तो उंचवटा. खालच्या बाजूला लघवी-शौच रोखून धरणारे स्नायूही बाळंतपणात थकलेले असतात. सिझर झालं तरी नऊ महिने बाळाचं ओझं त्यांनीच पेललेलं असतं. दाब तिकडे गेला की लघवी सुटते.

व्हिडिओतली मुलगी चुकीचं शिकवत होती असं नाही. समोर व्यायाम करणारीचं पोट तिला दिसतच नव्हतं. पण नुसती जिम लावल्याने हे दिसू लागेल असंही नाही. तिथल्या प्रशिक्षकाने पहिल्या दिवशी 'बाळंतपणाला किती महिने झाले, टाके कुठे आहेत, लघवी सुटते का' हे विचारलं नाही, तर तोही याच उठाबशा काढायला लावेल, वर हातात वजनही देईल.

शिवाय वेळेचा हिशेब होताच. तो आम्ही कागदावर मांडला. जिममध्ये ४० मिनिटं व्यायाम करायचा, तर आधी बाळाला पाजायचं, ढेकर काढायचा, सासूबाईंच्या हाती द्यायचं, कपडे बदलायचे, चालत जायचं-यायचं. दीड तास गेला. बाळ दोन-अडीच तासांनी अंगावर पीत होतं. म्हणजे एकदा जरी ते लवकर उठलं, की त्या दिवसाची जिम बुडाली. पैसे मात्र वर्षाचे भरलेले.

म्हणून पुढचे दोन महिने तिने घरीच व्यायाम करायचा ठरला, पण तो व्हिडिओ सोडून. आठवड्यातून पाच दिवस, सकाळी बाळाला पाजून झाल्यावर १५ मिनिटं. आधी श्वास: उताणं पडून श्वास सोडताना बेंबीखालचा भाग हलकेच आत घ्यायचा. मग खालच्या स्नायूंचा व्यायाम: लघवी आणि वायू एकदम रोखतो तसं आत-वर ओढून पाच सेकंद धरायचं आणि तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडायचं, असं दहा वेळा. दिवसभरात हाच प्रकार आणखी दोनदा, बाळाला पाजताना बसल्याबसल्या. यात बायका हमखास श्वास रोखतात, नितंब आवळतात किंवा खाली जोर देतात. त्यामुळे फायदा होत नाही, खाली जोर दिला तर त्रास वाढतो. मग एकेक टाच जमिनीवरून सरकवत पाय लांब करणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं. बिछान्यातून उठताना सरळ न उठता कुशीवर वळायचं आणि बाळाला उचलताना श्वास सोडायचा.

मोबाइल मी तिला दुसऱ्या कामासाठी वापरायला सांगितला. तो बाजूला जमिनीच्या उंचीवर उभा करून तिने स्वतःचंच चित्रीकरण करायचं आणि नंतर पोटाच्या मधोमध उंचवटा येतो का ते पाहायचं. आला, तर तो व्यायाम अजून तिच्यासाठी नाही. दुसऱ्या आठवड्यात कंबर उचलताना तो दिसला. तिने उंची निम्मी केली आणि तो थांबला.

दूध कमी होईल अशी सासूबाईंना भीती होती. बेताच्या व्यायामाने दूध कमी होत नाही. आधी पाजून घेतलं की छाती हलकी होते आणि हालचाल सोपी जाते, एवढंच.

आठ आठवड्यांनी फट दोन बोटांवर आली, बोटांखाली ताठरपणा लागू लागला आणि शिंकताना लघवी सुटणं थांबलं. सगळ्यांच्या बाबतीत इतक्या लवकर होतं असं नाही. कुणाला सहा महिनेही लागतात.

इथे मात्र घरच्या व्यायामाची मर्यादा आली. बाळ आता सात किलोंचं झालं होतं. ती ते दिवसातून वीस-पंचवीस वेळा पाळण्यातून, जमिनीवरून उचलत होती आणि ते दर महिन्याला जड होणार होतं. १५ मिनिटांच्या घरच्या हालचालींनी पाठीला आणि मांड्यांना एवढी ताकद येत नाही. त्यासाठी हळूहळू वाढवत नेता येईल असं वजन लागतं, आणि ते जिममध्ये असतं. आता बाळाच्या दोन पाजण्यांमधलं अंतरही वाढलं होतं. तिने जिम लावली ती आठवड्यातून दोन दिवस, दुपारी गर्दी नसताना, आणि पैसे महिन्याचेच भरले. पहिल्या दिवशी चार किलोंचं डंबेल छातीशी धरून खुर्चीवर बसणं-उठणं, आणि प्रत्येक वेळी उठताना श्वास सोडणं. धावणं आणि उड्या तिने आणखी थांबवल्या. बाळंतपणानंतर किमान १२ आठवडे तरी त्या करू नयेत आणि लघवी सुटत असेल तर त्यानंतरही नाही.

तेव्हा माझं मत असं: पहिले काही महिने घर, पण एकदा प्रत्यक्ष तपासून घेऊन, पोट ताठ होऊ लागल्यावर जिम. डॉक्टरांची सहा आठवड्यांची तपासणी झाल्याशिवाय यातलं श्वास, खालच्या स्नायूंचा व्यायाम आणि सावकाश चालणं सोडून काही सुरू करू नका. व्यायामानंतर अंगावरून जाणं पुन्हा वाढलं, खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटलं किंवा टाके दुखू लागले, तर त्याच दिवशी थांबा आणि डॉक्टरांना सांगा. आणि लघवी सुटत असेल तर 'बाळंतपणानंतर असं होतंच' म्हणून गप्प राहू नका. त्यावर उपचार आहे.