भुरका मारायला या

मागच्या वेळी मी सोसायटीच्या ग्रुपवर दोनच ओळी टाकल्या होत्या: ‘शनिवारी कॉफीला या. तीन वेगवेगळ्या कॉफ्या आहेत.’ मंडळी आली, पण आपापल्या सवडीने. शेवटचे पाहुणे आले तेव्हा सव्वासहा वाजले होते. तोवर मी कांदाभजी तळून ठेवली होती आणि घरभर तळणीचा वास दरवळत होता. शिवाय त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, म्हणून कॉफी बोअरच्या पाण्यात केली. तिन्ही कॉफ्या तंतोतंत सारख्या लागल्या, खडू उगाळल्यासारख्या. शेजारच्या काकू जाताना म्हणाल्या, “भजी छान होती हो.”

म्हणून या वेळचा निरोप लांबलचक आहे:

‘मंडळी, येत्या शनिवारी बरोबर पाच वाजता आमच्याकडे कॉफी चाखायला या. सव्वापाचला पाणी ओतणार, कुणासाठी थांबणार नाही. अत्तर लावू नका, गजरा माळू नका, पान खाऊन येऊ नका. दूध-साखर नाही. जोरात आवाज करून भुरके मारायची तयारी ठेवा.’

यावर लगेच प्रश्न आले. अत्तर का नको? तर आपण ज्याला कॉफीची चव म्हणतो, तिचा बराचसा भाग खरं म्हणजे वास असतो. जीभ गोड, आंबट, कडू, खारट अशा मोजक्याच चवी ओळखते. बाकीचं काम नाक करतं, तेही घशाच्या मागच्या वाटेने. पटत नसेल तर चिमूटभर बडीशेप तोंडात टाका आणि नाक दाबून चावा. थोडासा गोडवा तेवढा लागेल. नाक सोडलंत की बडीशेप एकदम ‘येते’. शनिवारी पहिल्या दहा मिनिटांत आपण हेच करणार आहोत. मोगऱ्याच्या गजऱ्याशी माझं वैर नाही, पण तो खोलीत असला की कॉफी हरते.

आता कॉफ्यांविषयी. पहिल्या दोन एकाच भागातल्या, चिकमंगळूरच्या डोंगरातल्या अरेबिका. बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणून लावल्या अशी आख्यायिका सांगतात, तो हा मुलूख. दोन्हींचं भाजणं सारखंच मध्यम आहे. फरक आहे तो फळ वाळवण्यात. कॉफीचं फळ लाल, करवंदाएवढं. आत दोन बिया आणि त्यांच्याभोवती चिकट, गोडसर गर. एका पद्धतीत फळाची साल काढतात, बियांना चिकटलेला गर टाकीत आंबवून सोडवतात, बिया धुतात आणि मग वाळवतात. ही ‘वॉश्ड’. तिची चव स्वच्छ, लिंबासारखी किंचित आंबट. दुसरीत अख्खं फळच उन्हात दोन-तीन आठवडे वाळत ठेवतात, म्हणजे गर बीभोवतीच आंबत आणि सुकत जातो. ही ‘नॅचरल’. हिला पिकलेल्या फळाचा, कधी मनुकांचा वास येतो. वाळवण नीट झाली नसेल, फळांचे थर जाड राहिले असतील किंवा ती वेळेवर खालीवर केली नसतील, तर मात्र वास पिकलेल्या फळाकडून थेट नासक्या फणसाकडे जातो. हा फरक नाकाला चटकन कळतो.

तिसरी ‘मान्सून्ड मलबार’. शिडाच्या जहाजांच्या काळात आपली कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायची. महिनोन्‌महिने दमट हवेत बिया फुगायच्या, पिवळट व्हायच्या, त्यांचा आंबटपणा निघून जायचा. तिकडच्या लोकांना त्याच चवीची सवय झाली. पुढे आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला, प्रवास आटोपशीर झाला आणि ती चव हरवली. मग किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळाभर बिया पसरून, मोसमी वारं खेळवून तसाच परिणाम मुद्दाम साधायला सुरुवात झाली. ही आंबट अजिबात नाही. जड, भाजल्या डाळीसारखी, थोडी लाकडी. मला स्वतःला ती नुसती फारशी आवडत नाही, पण पहिल्या दोघींशेजारी ठेवली की आंबटपणा म्हणजे काय हे तिच्यामुळेच कळतं.

कृती साधी आहे. चिनी मातीच्या सहा सारख्या वाट्या, प्रत्येकीत ११ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, रव्याहून थोडी भरड. आधी कोरडी पूड हुंगायची. मग उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबून प्रत्येकीत २०० मिली पाणी. गाळणं नाही, ढवळणं नाही. कॉफीचा थर वर तरंगतो. चार मिनिटांनी चमच्याच्या पाठीने तो थर तीनदा मागे सारून मोडायचा, तेव्हा नाक वाटीला जवळजवळ टेकलेलं हवं, कारण थराखाली कोंडलेला वास त्याच क्षणी बाहेर पडतो. गाळ तळाशी बसतो, वरचा फेस दोन चमच्यांनी काढून टाकायचा. पाणी ओतल्यापासून साधारण दहा-बारा मिनिटांनी चाखायला सुरुवात.

आणि इथे भुरका. आजोबा बशीतून चहा प्यायचे तसा, किंबहुना त्याहून बेशरम. चमचाभर कॉफी हवेसकट आत ओढली की तिचे तुषार तोंडभर पसरतात आणि वास घशामागून नाकात चढतो. पिऊन टाकायलाच हवी असं नाही. थुंकायला पेले ठेवलेले असतील. ज्यांना रात्री झोप येत नाही त्यांनी थुंकाच.

खरी गंमत पुढच्या अर्ध्या तासात असते. गरम असताना जिभेला फक्त कडू-गरम एवढंच कळतं. कोमट झाल्यावर आंबटपणा आणि गोडवा सुटे होतात, आणि दोषही. म्हणून त्याच वाट्या तीनदा चाखायच्या. शब्द मात्र आपापले आणा. कॉफीवाल्यांचं एक प्रसिद्ध चवचक्र आहे, १९९५ साली अमेरिकेत काढलेलं आणि २०१६ मध्ये नव्याने केलेलं. त्यात ब्लूबेरी आहे, करवंद नाही. मागच्या खेपेला काकूंनी एका घोटाला ‘आमसुलाचं सार’ म्हटलं होतं. मला त्या वाक्यावरून चव अचूक कळली, जी ‘बेरी’ने कधी कळली नसती. तोंड सुपारीसारखं कोरडं पडलं तर ‘तुरट’ लिहा. त्याला कडू म्हणू नका, ती वेगळी गोष्ट आहे.

तीन कॉफ्या आणि वाट्या सहा कशा, हे कुणीतरी विचारलंच. प्रत्येक कॉफीच्या दोन-दोन आहेत, पण जोड्या कुठल्या ते चिठ्ठ्या वाट्यांच्या बुडाला चिकटवून लपवलं आहे. व्यावसायिक चाखणारे एकेका नमुन्याच्या पाच-पाच वाट्या लावतात आणि प्रत्येक वाटीची कॉफी वेगळी दळतात. कारण एखादीच कुजकी बी अख्खी वाटी बिघडवू शकते. एकत्र दळलं तर ती सगळ्यांत वाटली जाईल आणि दोष पुसट होईल. आपणही वेगवेगळं दळणार आहोत. एका जोडीतली एक वाटी चांगली आणि दुसरी व्हिनेगरसारखी लागली, तर बी दोषी. दोन्ही सारख्या असूनही तुम्ही एकीला मनुका आणि दुसरीला तंबाखू म्हणालात, तर दोषी कोण ते सांगत नाही. मी स्वतः असा दोनदा पकडला गेलो आहे.

पाणी या वेळी बोअरचं नाही. त्यातले क्षार कॉफीतलं आम्ल मारून टाकतात. मागच्या खेपेच्या खडूचं कारण तेच होतं. उद्याच नळाचं पाणी गाळून, झाकून ठेवतो आहे.

निरोपाच्या शेवटी मी लिहिलं होतं: ‘सहा वाजता वाट्या उलट्या करून उत्तरं पाहू. त्यानंतर चिकोरी घातलेली दुधाची फिल्टर कॉफी मिळेल, साखरेसकट.’

काकूंचं उत्तर दोन मिनिटांत आलं: ‘भजी सहानंतर का?’